काम सोडल्यावर अडकलेले शेवटच्या आठवड्याचे पैसे कसे मागायचे?

प्रश्न: दोन आठवड्यांपूर्वी डिलिव्हरीचं काम सोडलं आणि ॲपही काढून टाकलं. शेवटच्या आठवड्याचे पैसे अजून आले नाहीत. सपोर्टवाले रोज "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच सांगतात. आता काय करू?

उत्तर:

आधी ॲप परत टाका आणि जुन्याच नंबरवरून लॉगिन करा. फोनमधून ॲप काढलं म्हणजे खातं बंद झालं असं नसतं, आणि तुमच्या बाबतीत ते चांगलंच आहे. पैसे हातात पडेपर्यंत "खातं डिलीट करा" या बटणाला हात लावू नका. नोंदवलेलं सिमही चालू ठेवा, नाहीतर ओटीपीच येणार नाही आणि स्वतःचा हिशोब स्वतःलाच दिसणार नाही. कमाईच्या पानावर शेवटच्या आठवड्याचा तपशील आणि पेआउटचा इतिहास उघडा आणि त्याचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा.

"पैसे आले नाहीत" याचे तीन अर्थ असू शकतात आणि तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. पेआउट "यशस्वी" दिसत असेल, तर त्याचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या बँक व्यवहाराचा ओळख क्रमांक, घेऊन बँकेत विचारा. "फेल" दिसत असेल तर खात्याचा नंबर किंवा नाव जुळत नसणार. ते दुरुस्त करून पुन्हा पाठवायला सांगा. तिसरा प्रकार जास्त फसवा असतो. तिथे पेआउट तयारच झालेलं नसतं, किंवा वजावटीत गिळलं गेलेलं असतं. माझं हेच झालं होतं.

मी रविवारी रात्री शेवटची ऑर्डर दिली. त्या आठवड्यात ऑर्डरचे 6,240, इन्सेंटिव्हचे 900 आणि टिपचे 110, असे 7,250 झाले होते. बॅगेचा हप्ता 400 वजा जाता 6,850 यायला हवे होते. आले 4,500. सपोर्टला विचारलं तर "ॲडजस्टमेंट आहे." कसली, ते त्यांनाही माहीत नव्हतं. फरक काढून बघितला तर नेमका 2,350. हा आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. ग्राहकांकडून घेतलेली रोख माझ्याकडे तेवढीच होती, आणि ती तर मी त्याच रात्री ॲपमधून भरली होती!

घोळ असा होता: आठवड्याचा हिशोब रविवारी मध्यरात्री बंद होतो. माझा भरणा त्यांच्याकडे नोंदला गेला सोमवारी. त्यामुळे बंद होणाऱ्या हिशोबात रोख माझ्याकडेच दिसली आणि कमाईतून कापली गेली. भरलेले पैसे पुढच्या आठवड्यात माझ्या नावावर जमा झाले, पण पुढच्या आठवड्यात मी एकही ऑर्डर केली नाही, म्हणून पेआउटच निघालं नाही. काम चालू असतं तर हा फरक आपोआप मिटला असता आणि मला कळलंही नसतं. सोडणाऱ्या माणसाचाच पैसा असा लटकतो.

म्हणून "माझे पैसे द्या" असं लिहू नका. त्यावर ठराविक उत्तर चिकटवून तिकीट बंद करतात. मी चौथ्या वेळी हे लिहिलं:

"पार्टनर आयडी अमुक. अमुक ते अमुक तारखेच्या पेआउटमध्ये कॅश इन हँड म्हणून 2,350 कापले. तीच रक्कम रविवारी रात्री 11:20 ला भरली आहे, पावती जोडली आहे. मी काम सोडले असल्याने पुढच्या आठवड्यात ही रक्कम वळती होणार नाही. कृपया वेगळे पेआउट काढा, किंवा वजावटीचा तपशील लेखी द्या."

चॅटवर बोललात तरी हेच ईमेलनेही पाठवा. चॅट गायब होतं, मेल राहतो. प्रत्येक वेळी नवीन तिकीट काढू नका, जुन्याच तिकिटाचा नंबर देऊन पाठपुरावा करा. नाहीतर दर वेळी नवा माणूस पहिल्यापासून सुरू करतो. तिथे हललं नाही तर पार्टनर करारात तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता दिला आहे का पाहा आणि सगळी साखळी तिकडे पाठवा. मला नऊ दिवसांनी पैसे आले, कसलंही स्पष्टीकरण न देता.

इन्सेंटिव्हबद्दल मात्र आधी अटी वाचा. काही ठिकाणी आठवडा पूर्ण होईपर्यंत खातं सक्रिय असणं ही अट असते. मधेच सोडलं असेल तर टार्गेट पूर्ण असूनही तो भाग सुटणं कठीण. ऑर्डरची मूळ कमाई आणि इन्सेंटिव्ह वेगवेगळे मागा, म्हणजे एकाच्या वादात दुसरं अडकणार नाही.

आणि हो, सपोर्टचा फोन नंबर इंटरनेटवर शोधू नका. अडकलेले पैसे सोडवून देतो म्हणणारे भामटे नेमके तिथेच बसलेले असतात. पैसे मिळवण्यासाठी ओटीपी किंवा पिन द्यावा लागत नाही. ॲपच्या आतल्या मदतीच्या पानावरूनच जा.

तुमच्या पेआउटच्या पानावर नेमकं काय दिसतंय ते इथे लिहा, मग फरक कुठला आहे ते बघू.