हृदयाच्या आकृतीत लेबलच्या रेषा एकमेकींना छेदू नयेत म्हणून काय करावं?

*"मानवी हृदयाचा उभा छेद मला बऱ्यापैकी जमतो. पण नावं द्यायला लागलं की रेषा एकमेकींवरून जातात आणि शेवटी कोणतं नाव कशाचं तेच कळत नाही. बारा-तेरा नावं गुंता न होता कशी द्यायची?"*

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे जर्नल तपासताना हा गुंता दरवर्षी बघतो. बहुतेकांची चूक एकच असते. भाग दिसला की रेषा ओढायची, तिच्या टोकाला नाव लिहायचं आणि पुढच्या भागाकडे वळायचं. पहिली पाच नावं ऐसपैस बसतात. सहाव्यापासून जागा शोधत फिरावं लागतं आणि तिथेच रेषा आडव्या येतात. म्हणून आधी फक्त ठिपके द्या. रेषा आणि नावं सगळ्यात शेवटी.

ज्या भागाला नाव द्यायचंय त्याच्या आत पेन्सिलीने बारीक ठिपका द्या. कप्पा असेल तर ठिपका पोकळीत, पटल असेल तर नेमका पटलाच्या जाडीत, झडप असेल तर तिच्या पाकळीवर. मग आकृतीच्या मधोमध एक पुसट उभी रेघ मारा. रेघेच्या डावीकडच्या ठिपक्यांची नावं डाव्या रकान्यात, उजवीकडच्यांची उजव्या. हे पाळलं तर एका बाजूची रेषा दुसऱ्या बाजूच्या रेषेला भेटायला मधली रेघ ओलांडतच नाही, म्हणजे निम्मा गुंता तिथेच संपतो. (कागदाच्या डावीकडे हृदयाची उजवी बाजू असते, हे विसरून नावांची अदलाबदल करणारेही दरवर्षी सापडतात.)

लांबलचक भागांच्या बाबतीत ठिपका कुठे द्यायचा हे आपल्या हातात असतं. महाधमनीची कमान दोन्ही बाजूंना पसरलेली असते. डाव्या रकान्यात गर्दी झाली तर ठिपका कमानीच्या उजव्या टोकाकडे सरकवा, नाव आपोआप उजवीकडे जातं. डाव्या निलयाचा ठिपकाही पोकळीच्या मध्यावरच हवा असं काही नाही.

आता रकाना. आकृतीच्या कडेपासून दोन-अडीच सेंटीमीटर सोडून पट्टीने उभी रेघ मारा आणि तिच्यावर जितकी नावं तितक्या खुणा सारख्या अंतरावर करा. उजवीकडे सात नावं आली आणि खुणा दीड सेंटीमीटरवर घेतल्या तर पहिली ते सातवी नऊ सेंटीमीटरमध्ये बसतात.

कोणत्या खुणेला कोणतं नाव, इथेच फसगत होते. वरचा भाग वरच्या खुणेला, खालचा खालच्या, असं सगळे करतात. रेषा अगदी आडव्या असत्या तर ते बरोबर ठरलं असतं. तिरक्या रेषांना ते पुरत नाही. माझ्या फळ्यावरच्या आकृतीचीच मापं वहीच्या आकारात सांगतो. आंतरनिलय पटलावरचा ठिपका हृदयाच्या टोकापासून साडेतीन सेंटीमीटर उंचीवर आणि उजव्या रकान्यापासून सात सेंटीमीटर आत होता. डाव्या निलयाचा ठिपका थोडा खाली, ३.२ सेंटीमीटरवर, आणि रकान्यापासून पाच सेंटीमीटर आत. उरलेल्या दोन खुणा दीड सेंटीमीटर उंचीवर आणि अगदी टोकाच्या पातळीवर. पटल वर आहे म्हणून त्याला दीडची खूण दिली, निलयाला खालची. पटलाची रेषा उतरत उतरत निलयाच्या ठिपक्याजवळ येते तेव्हा ती २.९ वर आलेली असते, म्हणजे ठिपक्याच्या खाली. आता निलयाची रेषा तळाच्या खुणेकडे जायची तर तिला ही रेषा छेदावीच लागते. दोन नावांची जागा बदलली की छेद गेला!

हे दरवेळी मोजत बसायची गरज नाही, पट्टी ते काम करते. उजव्या रकान्यातल्या सगळ्यात वरच्या खुणेवर पेन्सिलीचं टोक ठेवा, पट्टी त्याला टेकवून सरळ वर उभी धरा आणि आकृतीच्या दिशेने हळूहळू फिरवा, जसा घड्याळाचा काटा बारावरून उलटा अकरा, दहा, नऊकडे यावा. पट्टीच्या कडेला जो ठिपका सर्वांत आधी लागेल, त्याचं नाव त्या खुणेला. रेषा ओढा, तो ठिपका बाद, आता दुसरी खूण. डाव्या रकान्यात पट्टी बारावरून एक, दोन, तीनकडे फिरवायची. छेद का होत नाही ते बघा: उरलेले सगळे ठिपके नुकत्याच ओढलेल्या रेषेच्या खाली असतात आणि उरलेल्या खुणाही खालीच, मग पुढच्या कोणत्याच रेषेला वर यायचं कारण उरत नाही.

डावीकडे अधो महाशिरेचं नाव "सगळ्यात खालची" म्हणून डोळे मिटून तळाला टाकतात आणि उजव्या निलयाची रेषा तिच्या रेषेला छेदून जाते. आकृतीत ही शिरा उजव्या अलिंदाच्या लगेच खाली आणि पार कडेला असते. पट्टी फिरवली की बहुतेक वेळा तीच आधी लागते आणि तळाची खूण निलयाला उरते. निलयाचा ठिपका जरा खाली घेतला तर त्याची रेषा शिरेच्या नळीवरूनही जात नाही.

आकृती आधीच पूर्ण झाली असेल आणि दोनच रेषा छेदत असतील तर पूर्ण रकाना पुसू नका. त्या दोन नावांची अदलाबदल करा. सरळ रेषांचा छेद असा सोडवला की दोन्ही रेषांची मिळून लांबी नेहमी कमी होते. कधी कधी त्यातून तिसऱ्याच रेषेशी नवा छेद निघतो, पण लांबी दरवेळी घटत असल्यामुळे हे चक्र फिरत राहू शकत नाही.

छेद नसला तरी आकृती वाचता येईलच असं नाही. एखादी रेषा दुसऱ्या भागाच्या ठिपक्यावरूनच गेली तर नाव दोघांचंही वाटतं, तिथे ठिपका दोन-तीन मिलिमीटर सरकवा. रेषा फुप्फुस धमनीच्या भिंतीला समांतर आणि चिकटून गेली तर ती भिंतच वाटते.

आणि मराठी माध्यमवाल्यांसाठी खास: रेषा अक्षराच्या डोक्याच्या पातळीवर संपवली तर ती शिरोरेषेत मिसळते आणि "द्विदली" शब्दाला लांब शेपूट फुटल्यासारखं दिसतं. अक्षराच्या मध्यावर, दोन मिलिमीटर आधी थांबा. डाव्या रकान्यात नावांची शेवटची अक्षरं एका ओळीत आणा, उजव्या रकान्यात पहिली. रेफ वर जातो, उकार खाली येतो, म्हणून खुणांमधलं अंतर एक सेंटीमीटरच्या खाली नेऊ नका. एका बाजूला दहाहून जास्त नावं होत असतील तर आकृतीच मोठी काढा.

शेवटी ठिपके, मधली रेघ आणि रकान्याच्या रेघा पुसा. रेषांना बाणाची टोकं काढू नका, बाण रक्तप्रवाहाची दिशा दाखवायला लागतात. मग वही शेजारच्याला द्या, नावांवर हात ठेवा आणि एखाद्या रेषेवरून बोट फिरवत ती कुठे पोहोचते ते त्याला सांगायला लावा. जिथे त्याचं बोट अडखळेल तेवढी एकच रेषा परत काढा.