पेटी उघडलीस, आता कात्री लांब ठेव

प्रिय बेटा,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. आजीच्या पेटीतली लुगडी तू खाटेवर मांडलीस, त्यातल्या काळ्या चंद्रकळेवर तुझा जीव जडलाय आणि दिवाळीच्या आत तिचा लांब कुर्ता शिवायचा बेत आहे, हे वाचलं. म्हणूनच लगेच लिहायला बसले. माझ्याकडे शिकलेल्या एका मुलीला अगदी अशीच पेटी मिळाली होती. तिची गोष्ट तुला आधी सांगते, मग कात्री कुठे लावायची ते तूच ठरव.

ती अमळनेरकडची. आजी गेल्यावर वर्षभराने गावातल्या धाब्याच्या घराची आवराआवर निघाली, तेव्हा मागच्या पडवीत पत्र्याखाली एक लोखंडी पेटी सापडली. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि डांबरगोळ्यांचा वास. वरच्या थराला मिलची लुगडी होती. अमळनेरला प्रताप मिल होती, त्यामुळे तिकडच्या घरांत मिलचं कापड भरपूर निघतं. खाली हातमागाची तीन निघाली : रोजच्या वापरातलं विटकं निळं सुती लुगडं, लाल रेशमी पदराचं इरकल आणि एक चंद्रकळा, संक्रांतीपुरती नेसलेली, जवळजवळ कोरी.

हातमागाचं कापड कसं ओळखायचं ते तू विचारलंयस. काठाच्या अगदी कडेला, दोन्ही बाजूंना, बारीक भोकांची रांग दिसते का बघ. विणताना कापड रुंदीत ताणून धरायला टोकदार दातांची पट्टी लावतात, तिच्या त्या खुणा. त्या नेहमी दिसतीलच असं नाही. त्यांच्या जोडीला आडव्या धाग्यांची दाटी जागोजागी कमीजास्त झालेली दिसली, तर खात्री बाळगायला हरकत नाही.

त्या मुलीने चंद्रकळाच आधी घेतली. रंग गडद, काठ तजेलदार, कुठे विरलेलं नाही. मामेबहिणीसाठी कुर्ता शिवला. बहिणीने तो घातला आणि केस बांधायला हात वर केले, तशी पाठीला काखेजवळ आडवी चीर गेली. ती म्हणाली, कापड फाटल्याचा आवाजच आला नाही, वाळलेलं पान मोडावं तसं ते तुटलं. शिवण जागेवर होती, शिवणीच्या शेजारचं कापड गेलं होतं. ही खूण लक्षात ठेव. माप चुकलं की आधी शिवण ताणते, धागे सरकतात. कापडच मेलेलं असलं की शिवण तशीच राहते आणि तिच्या बाजूला कापड तुटतं.

कोरं कापड असं का मेलं? जुन्या सुती काळ्या रंगात फार वेळा सल्फर ब्लॅक असतो. स्वस्त, पक्का, धुण्याला टिकणारा. पण या रंगातलं गंधक दमटपणा आणि उष्णता मिळाली की हळूहळू सल्फ्युरिक आम्ल तयार करतं आणि ते आम्ल कापसाचा धागा आतून खातं. आता आपल्या खानदेशातलं पेटीचं जिणं आठव. मे महिन्यात पत्र्याखाली पारा पंचेचाळीसच्या घरात, मग चार महिने पावसाळी ओल, आणि हे दरवर्षी. नेसून धुतलेलं लुगडं पाण्याबरोबर आम्लही बाहेर टाकत राहतं. जपून ठेवलेली चंद्रकळा वर्षानुवर्षं तेच आम्ल पोटात घेऊन बसते. म्हणून पेटीतलं सगळ्यात देखणं कापड सगळ्यात दुबळं निघू शकतं. तुझ्या फोटोत चंद्रकळेच्या घडीवर करडी रेघ दिसते. तिथले धागे तुटायला लागलेत की नुसता रंग उडालाय, ते भिंगाने बघ.

आम्ल आहे की नाही हे कळायला महागडं यंत्र लागत नाही. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेला सामान पुरवणाऱ्या दुकानात पीएच पेपर मिळतो. कापडाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब सोड, त्यावर कागदाची पट्टी दाब, मिनिटभर थांब. 6-7 च्या आसपास रंग आला तर ठीक. 4 किंवा त्याखाली आला तर कापड आम्लात आहे. त्या मुलीच्या उरलेल्या तुकड्यावर 4 च आला. ते तुकडे साध्या पाण्यात अनेकदा बुडवून, शेवटच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून तिने पुढची झीज थांबवली. गेलेली ताकद त्याने परत येत नाही. आणि हा सोडा रेशमाला लावू नकोस, अल्कली रेशीम खातं.

चंद्रकळा बाजूला ठेवून ती त्या विटक्या निळ्या लुगड्याकडे वळली. तिच्या हातून खरं काम झालं ते या कापडावर, म्हणून मी इथे थोडी रेंगाळते.

तिने ते दिवसा खिडकीत लटकवलं आणि उजेड कुठून आरपार येतो ते पाहिलं. नऊवारी कापड सगळीकडे सारखं झिजत नाही, नेसण्याच्या पद्धतीने झिजतं. कासोट्याचा भाग आणि बसताना खाली येणारा भाग विरलेला होता. कंबरेला गाठ मारायच्या जागी वरच्या कडेला ताण पडलेला होता. पदराला बारीक ओरखडे होते. आजी कापूस वेचायला जायची, पऱ्हाटीच्या काड्यांनी धागे ओढलेले. पण निऱ्यांच्या आत दडलेला लांबच लांब पट्टा घट्ट होता. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त कापड कामाचं निघालं. तिने खडू लावला नाही, पांढऱ्या सुती दोऱ्याचे लांब टाके घालून तीन प्रकारचे भाग आखून घेतले : भक्कम, मधलं आणि विरलेलं. हा नकाशा झाल्यावरच तिने वहीत चित्र काढलं. तू कुर्त्याचं चित्र आधी काढलंयस. ते काही दिवस मिटून ठेव.

चित्र निघालं ते गोधडीसारख्या जॅकेटचं. तिची आत्या गोधड्या शिवते, तिनेच सुचवलं. जुनं कापड एकेकटं ताण घेऊ शकत नाही. दोन थरांच्या मध्ये बसवून जवळजवळ धावदोरा घातला की एका शिवणीवर येणारा ओढा शेकडो टाक्यांत वाटला जातो. गावातल्या बायका हेच करत आल्या आहेत. भक्कम भाग खांद्याला, काखेला आणि बाहीच्या घोळाला लावले. मधले भाग पुढच्या पाकळ्यांना. विरलेले भाग आतल्या थरात, जिथे त्यांनी फक्त ऊब द्यायची. पाठीमागे आधाराला नवं मलमल घेतलं.

या मलमलपाशी बहुतेक मुली फसतात. आजीचं लुगडं इतक्यांदा धुतलेलं असतं की आटायचं तेवढं आटून गेलेलं असतं. नवं सुती कापड पहिल्या धुण्याला शंभराला तीन ते पाच इतकं आटतं. ते न धुता तसंच लावलंस, तर पहिल्याच धुण्यानंतर अस्तर आत ओढलं जाईल आणि वरचं जुनं कापड सुरकुत्या पडून फुगेल. तिने मलमल गरम पाण्यात दोनदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापलं.

दोरा सुती घे, पॉलिएस्टरचा नको. जुन्या कापडाहून दोरा दांडगा असला की ताण आल्यावर दोरा तुटायच्या ऐवजी कापड कापतो, आणि उसवलेली शिवण पुन्हा घालता येते, कापलेलं कापड नाही. मशीनला 9 किंवा 11 नंबरची कोरी सुई लाव. टाका अडीच मिलिमीटरच्या खाली नेऊ नकोस. बारीक टाक्याने शिवण मजबूत होते असं वाटतं, पण जुन्या कापडात ती भोकांची रांगच होते आणि नेमकी तिथून फाटते. गोधडीचा धावदोरा मात्र तिने हातानेच घातला, बोटभर अंतराने, आत्याजवळ ओट्यावर बसून.

धुण्याचं एक राहिलं. बोअरच्या जड पाण्यात साबण लावलास तर त्याचा करडा थर कापडावर बसेल, म्हणून आरओचं पाणी घे. आधी काठावर ओला पांढरा सुती कपडा ठेवून वर वजन ठेव, दहा मिनिटांनी बघ. त्यावर लाल उतरला तर ते कापड पाण्यात घालायचं नाही, ब्रशने नुसती धूळ काढायची. सुती धागा ओला असताना कोरड्याहून मजबूत असतो, रेशीम ओलं झालं की कमकुवत होतं. म्हणून रेशमी पदर कधी पाण्यातून लोंबता उचलू नकोस, खाली चादर धरून चादरीसकट उचल.

इरकलीचं काय झालं ते आता. तिला पदर कापून त्याचा जॅकेटच्या पाठीला तुकडा लावायचा होता. आत्याने ते लुगडं हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "हाई लुगडं मायना माहेरनं शे, याले हात लावू नको." मला विचारशील तर आत्याचं बरोबर होतं, आणि कारागिरीच्या अंगानेही बरोबर होतं. इरकलीच्या पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो, तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. तो जोड कापला तर विणकराने कापडात केलेलं सगळ्यात अवघड काम तू फेकून देतेस. दुसरं म्हणजे एका बाजूला सूत, दुसऱ्या बाजूला रेशीम. पाण्यात दोन्ही वेगवेगळं वागतात आणि जोडावर चुण्या येतात. ती इरकल तिने अख्खी ठेवली, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून, घडी न घालता जाड नळीवर. लोखंडी पेटीत नाही. पेटीला गंज चढला की तो कापडावर उतरतो, आणि लोखंडाच्या डागाखालचं सूत कालांतराने भोक पडून गळतं.

निळ्या लुगड्याची दोन जॅकेटं झाली. एक तिने आत्याला दिलं, दुसरं विकलं. ते पाहून पुण्याच्या एका दुकानदाराने वीस नग मागितले, वेगवेगळ्या मापांत. तिने नाही म्हटलं. अशा कापडातून एकसारखे वीस निघतच नाहीत, आणि निघतात म्हणणारा कुठेतरी विरलेला भाग खांद्याला लावतोय. तुलाही असा फोन येईल, तेव्हा किंमत एका नगाच्या श्रमाची सांग. हाताच्या धावदोऱ्याचे तास धर, आणि गोधडी शिवणाऱ्या बाईचे पैसे सगळ्यात आधी.

तू कापायच्या आधी घरात कोण हयात आहे, त्यांना प्रत्येक लुगडं कुणाचं, कधीचं, ते विचारून घे. फोटो काढ, लांबी-रुंदी लिहून ठेव. आणि चंद्रकळेवर पीएच पेपर लावून काय रंग आला ते मला कळव. 4 आला तर कुर्त्याचा विचार सोड, मग तिच्या काठाचं काय करता येईल ते आपण पुढच्या पत्रात बघू. काठाचं लाल सूत बहुधा दुसऱ्या रंगातलं असतं, तेव्हा ते वेगळं तपास, त्याची पट्टी वेगळी लाव.

तुझी,
मॅडम