टॉप्सचा पेंच पाळीत रुतलाय, घरी काढता येईल का?

प्रश्न: मुलगी ९ वर्षांची आहे. टॉप्सचा पेंच मागच्या बाजूने पाळीत रुतून बसलाय, पाळी सुजून लाल झालीय, हात लावू देत नाही. घरी निघेल का डॉक्टरकडेच न्यावं? आम्ही इंदूरला असतो.

उत्तर:

मी इथेच राजवाड्याजवळ एका कान-नाक-घसा डॉक्टरांकडे ड्रेसिंगचं काम करते, आणि लग्नसराई संपली की असे कान आमच्याकडे येतातच, कारण सोन्याचं आहे, पडायला नको म्हणून घरची मंडळी पेंच अगदी चामडीला टेकेपर्यंत आवळतात. मग पाळी जराशी सुजली तरी तिला फुगायला जागाच नसते, दांडी तेवढीच लांब, त्यामुळे चामडी पेंचाच्या कडेवरून वर यायला लागते.

आधी एक काम करा, तिला खिडकीपाशी बसवा, पाळी हळूच पुढे दुमडा आणि मागून मोबाईलचा टॉर्च मारून फोटो काढा. फोटो मोठा करून बघा, पेंचाची गोल कड पूर्ण दिसतेय का? पूर्ण दिसत असेल, भोवती नुसता खळगा झाला असेल तर घरी एकदा शांतपणे प्रयत्न करायला हरकत नाही. पण कडेवर कुठेही चामडी चढली असेल, पेंच अर्धा झाकला असेल किंवा नुसतं एक भोक आणि आत काहीतरी चमकतंय असं असेल तर हात लावू नका, सरळ डॉक्टर. आणि दागिना पाळीत नसून वरच्या कडक भागात, म्हणजे कूर्चेत असेल तर पेंच दिसो न दिसो, लाल होऊन दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा, कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तिथे पू झाला की कानाचा आकारच बिघडतो.

पेंच पूर्ण दिसतोय असं धरून सांगते. काढायचं काम सकाळी उठल्या उठल्या नको, त्या कुशीवर झोपलेली असेल तर तेव्हा सूज जास्त असते. तापासाठी तिला जे पॅरासिटामॉल देता ते वजनाप्रमाणे नेहमीच्याच डोसमध्ये अर्धा तास आधी द्या. मग साबणाने हात धुवून, पाणी उकळून कोमट करून एक कप घ्या, त्यात पाव चमचा मीठ (मेडिकलमधून सलाईनची बाटली आणली तर उत्तमच), त्यात गॉज भिजवून पाच-दहा मिनिटं मागून पुढून धरून ठेवा. हे टाळू नका, कारण पेंचाच्या आट्यांमध्ये वाळलेली लस, साबण, तेल असं सगळं साठून घट्ट झालेलं असतं आणि लोकांना वाटतं पेंच जाम झालाय. खपली आपोआप सुटली तरच पुसा, नखाने ओढू नका. त्यानंतर रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, थोडी सूज उतरते आणि पाळी जराशी बधिरही होते.

आता मुख्य गोष्ट. पुढचं फूल कोरड्या गॉजने चिमटीत घट्ट धरा आणि हळूच मागच्या बाजूला दाबा, म्हणजे पेंच चामडीपासून जरा उचलून बाहेर येतो आणि धरायला कड मिळते. आधी दागिना पुढे ओढायचा नाही, बरेच जण नेमकं तेच करतात, आणि त्याने पेंच आणखी आत जातो. व्हॅसलीन लावायचंच तर पेंचाच्या कडेला इवलंसं, बोटांना नको, नाहीतर पकडच सुटते. मग मागून बघत पेंच घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा, आणि तेवढा वेळ पुढचं फूल अजिबात फिरू द्यायचं नाही. फूल पेंचाबरोबर फिरत असेल तर पेंच सुटत नाहीये, नुसती दांडी जखमेत फिरतेय, तिथेच थांबा. (पेंचाऐवजी फुलपाखरासारखी दाबायची चाप असेल तर फिरवायचं नाही, किंचित डावी-उजवीकडे हलवत सरळ मागे ओढायची, तिरकी नाही.) पेंच निघाला की दांडी पुढून सरळ काढा आणि दोन्ही भाग पूर्ण आहेत ना ते बघा, पेंच सापडतच नसेल तर "पडला असेल कुठेतरी" म्हणून सोडू नका, कधीकधी तो पाळीतच असतो, तेव्हा एक्स-रे काढून बघावं लागतं.

दहा-पंधरा मिनिटांत नाही सुटला किंवा पोरगी ओरडायला लागली तर बस. सुई, चिमटा, टोकरणं काही नको. काही जण सराफ्यात नेतात, सोनाराकडे कटर असतं, दांडी कापतोही तो झटकन, पण ते अवजार दागिन्यांचं आहे, पू झालेल्या कानाला लावायचं नव्हे.

मागे रामबागेतली एक कॉलेजची मुलगी आली होती, पुढून कान बघाल तर काही झालंय असं वाटणार नाही, जरा लाल एवढंच. पाळी दुमडली तर पेंचाच्या कडेचा जेमतेम चंद्रकोरीएवढा भाग बाहेर, बाकी चामडी वर येऊन चिकटलेली. आईने हळद-तेल लावलेलं, त्यामुळे पू कुठला नि हळद कुठली कळेना, तेव्हा आधी आम्ही ते सगळं सलाईनने धुतलं. डॉक्टरांनी पाळीत भूल दिली, मागच्या बाजूने चामडीला छोटीशी चीर दिली, फूल मागे दाबून पेंच वर आणला आणि क्लॅम्पने धरून फिरवला. सुई टोचताना ती एकदा ओरडली, बाकी काही नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते विचारलं, अँटिबायोटिक दिलं, टाका घातला नाही, आतली घाण बाहेर यावी म्हणून चीर उघडीच ठेवली.

घरी निघाला तर दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्याने किंवा साध्या सौम्य साबणाने धुवा आणि स्वच्छ गॉजने टिपून कोरडं करा. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साईड, हळद, टूथपेस्ट यातलं काही नको, नवी येणारी चामडी त्याने चिडते. थोडं रक्त आलं तर दहा मिनिटं न उघडता दाबून धरा. भोक बुजू नये म्हणून आजी लोक लगेच कडुलिंबाची काडी घालायला सांगतात, त्यांना प्रेमाने नाही म्हणा, सुजलेल्या पाळीत काही घालायचं नाही.

काढल्यावर दुसऱ्या दिवशी दुखणं आणि लाली कमी व्हायला हवी. उलट वाढत असेल, लाली पाळीबाहेर गालाकडे किंवा मानेकडे सरकत असेल, पिवळा-हिरवा पू येत असेल, कानाखाली गाठ लागत असेल किंवा ताप आला तर थांबू नका, एम.वाय. हॉस्पिटलच्या ईएनटी ओपीडीत नाहीतर जवळच्या डॉक्टरकडे न्या. घरात कोणा शुगरवाल्याला असं झालं तर मी घरी प्रयत्नच करू नका म्हणेन. आणि दुखण्यापेक्षा खाज जास्त, पाणी सुटतंय पण पू नाही, दोन्ही कानांना सारखंच, असं असेल तर बहुतेक निकेलची ॲलर्जी आहे, ती कितीही धुतलं तरी जात नाही, धातूच बदलावा लागतो.

भोक बुजलंच तर बुजू द्या, पूर्ण बरं होऊन पाळी मऊ लागेपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने तरी, पुन्हा टोचू नका आणि टोचताना जुन्या वणावर नको, जरा बाजूला. घरात कोणाला जखमेवर गाठी येत असतील तर ते टोचणाऱ्याला आधी सांगा. दांडी थोडी लांब घ्या, पेंच आणि पाळी यांच्यामध्ये पोस्टकार्ड सहज सरकेल एवढी फट ठेवा आणि रात्री झोपताना टॉप्स काढून ठेवा.