सात ‘आशीर्वाद’ म्हणे, पण मागणं फक्त तिघांत!

«ज्यू लग्नात मांडवाखाली सात आशीर्वाद म्हणतात असं वाचलं. त्यांचे शब्द काय असतात आणि प्रत्येकात जोडप्यासाठी नक्की काय मागतात? आपल्या सप्तपदीशी काही नातं आहे का?»

सप्तपदीशी नातं नाही, आणि ते सात तरी मुळात सात होते का तेही शेवटी सांगतो. आधी शब्दाकडे बघू, कारण सगळा घोळ ‘आशीर्वाद’ या भाषांतरात आहे. हिब्रूत याला म्हणतात शेवा बराखोत. शेवा म्हणजे सात, बराखा एकवचन, बराखोत अनेकवचन (यातला ख घशातून खरवडून काढायचा). आता बराखा म्हटलं की आपण लगेच आशीर्वाद म्हणून मोकळे होतो, पण आशीर्वाद आपल्याकडे मोठ्याने लहानाला द्यायचा असतो आणि इथे प्रत्येक बराखेतलं ठरलेलं वाक्य देवाला उद्देशून आहे, ‘बारुख अता’ म्हणजे ‘धन्य आहेस तू’. मराठीत याच्या सगळ्यात जवळचा शब्द रोज आपल्या तोंडात असतो पण त्याची फोड आपण विसरलोय, धन्यवाद! धन्य असं म्हणणं तो धन्यवाद. तर हे सात धन्यवाद आहेत असं समजून वाचा, मग कोड्यातलं अर्धं तिथेच सुटतं.



चार काठ्यांवर ताणलेलं कापड म्हणजे हुप्पा, त्याखाली नवरा-नवरी. अंगठी झालेली असते, केतुबा म्हणजे लग्नाचा करार मोठ्याने वाचून झालेला असतो, मग द्राक्षारसाचा दुसरा पेला भरतात आणि बराखोत सुरू होतात. पहिली तर लग्नाची पण नाही, ‘बोरे प्री हागाफेन’, वेलीचं फळ निर्माण करणारा. शनिवारच्या जेवणाला पेल्यावर म्हणतात तीच. दुसरी एका ओळीची, ‘शेहाकोल बारा लिख्वोदो’, ज्याने सगळं आपल्या गौरवासाठी निर्माण केलं. तिसरी त्याहून छोटी, ‘योत्झेर हाआदाम’, माणसाला घडवणारा, संपली. तीन झाल्या आणि जोडप्याचा उल्लेखसुद्धा नाही, काही मागणंही नाही.

चौथी मात्र निवांत वाचायची आहे. ‘आशेर यात्झार एत हाआदाम बेत्झाल्मो, बेत्झेलेम देमूत ताव्नितो, वेहित्कीन लो मिमेन्नू बिन्यान अदे अद.’ ज्याने माणसाला आपल्या प्रतिमेत घडवलं, आपल्या आकृतीच्या प्रतिमेत, आणि त्याच्यातूनच त्याच्यासाठी कायमची टिकणारी ‘इमारत’ उभी केली. बायकोला इमारत?? मलाही पहिल्यांदा विचित्र वाटलं होतं, पण हा शब्द बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातून आलाय, तिथे आदामाची बरगडी घेऊन देवाने स्त्री ‘बांधली’ असंच क्रियापद आहे, घर बांधतात ते. आणि गंमत म्हणजे आकृतीसाठी आलेला ‘ताव्नित’ आणि इमारतीसाठी आलेला ‘बिन्यान’ दोन्ही त्याच बांधण्याच्या धातूतून, त्यामुळे हिब्रू कानाला ते एका दमात एकमेकांना उत्तर दिल्यासारखे ऐकू येतात, मराठीत आणायला गेलो की ते हरवतंच, मी ‘बांधा’ आणि ‘बांधकाम’ असं करून बघितलं पण फार कंत्राटदारी वाटतं राव. असो. इथेही मागणं शून्य, नुसतं जे झालं त्याबद्दल धन्य.

म्हणजे चार संपल्या आणि अजून कुणी काहीच मागितलेलं नाही.

मागणं सुरू होतं पाचवीपासून आणि तेही जोडप्यासाठी नाही. ‘सोस तासीस वेतागेल हाअकारा, बेकिब्बूत्झ बानेहा लेतोखा बेसिम्खा.’ अकारा म्हणजे वांझ! ऐन लग्नात, नवरीसमोर, ‘वांझ आनंदून जावो, तिची लेकरं तिच्या कुशीत आनंदाने गोळा होवोत’. आपल्याकडे लग्नघरात हा शब्द कुणी काढला तर काय होईल कल्पना करा. पण ही वांझ म्हणजे नवरी नाही, ती जेरुसलेम आहे. बायबलातल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५४ व्या अध्यायात उजाड झालेल्या त्या नगरीला ‘हे वांझे, गा’ अशी हाक आहे, तिची लेकरं म्हणजे परागंदा झालेले लोक. शेवटही तसाच, ‘मेसामेआख त्झियोन बेवानेहा’, सियोनेला म्हणजे जेरुसलेमलाच तिच्या लेकरांनी आनंदवणारा. लग्नात हे मधेच का, तर राशी (अकराव्या शतकातले फ्रान्समधले भाष्यकार) बोट दाखवतात स्तोत्र १३७ कडे, जिथे गाणारा म्हणतो की माझ्या सगळ्यात मोठ्या आनंदाच्याही वर मी जेरुसलेमला ठेवीन. सगळ्यात मोठा आनंद समोर चालू आहे, तर तिची आठवण त्याच्या आधी.

सहावीत शेवटी जोडप्याचा नंबर लागतो. ‘सामेआख तेसामाख रेईम हाअहुवीम, केसामेखाखा येत्झिर्खा बेगान एदेन मिकेदेम.’ या प्रिय सख्यांना भरभरून आनंदव, जसं तू आपल्या निर्मितीला एदेन बागेत पूर्वी आनंदवलंस. इथे व्याकरणाची एक मेख आहे जिच्यात नवशिके हमखास अडकतात. पाचवीतलं ‘तासीस’ आणि सहावीतलं ‘तेसामाख’ दोघांच्या पुढे तोच ‘त’ आहे, कारण हिब्रूत क्रियापदाच्या या काळात ‘ती’ (स्त्रीलिंगी तृतीय पुरुष) आणि ‘तू’ (पुल्लिंगी) यांना एकच उपसर्ग लागतो. त्यामुळे पाचवीत ‘ती आनंदो’ आणि सहावीत ‘तू आनंदव’, वरून दिसायला सारखं, पण बोलणारा मधल्या मधे देवाकडे वळलाय. ओळखायचं कसं तर कर्त्यावरून, पाचवीत अकारा कर्ता म्हणून उभी आहे, सहावीत सखे कर्म आहेत. मी स्वतः कितीतरी दिवस ‘सखे आनंदोत’ असंच वाचत होतो!

आणि ‘रेईम’ बघा, नवरा-नवरी नाही म्हटलेलं, मित्र म्हटलंय. ‘मिकेदेम’ तर मराठीवाल्यांना फुकटात मिळालेला शब्द आहे, केदेम म्हणजे पूर्व दिशाही आणि पूर्वीचा काळही, उत्पत्तीतल्या बागेच्या वाक्यात नेमकं कुठलं यावर वाद घालणारे आहेत, आपण ‘पूर्व/पूर्वी’ म्हटलं की दोन्ही राहतात, भांडायची गरज नाही.

सातवी सगळ्यात लांब. आधी देवाने काय काय निर्माण केलं त्याची रांग, ‘सासोन वेसिम्खा, खातान वेखाला, गिला, रिना, दित्झा वेखेद्वा, अहावा वेअख्वा, वेशालोम वेरेऊत’. आनंद, हर्ष, नवरा, नवरी, उल्हास, जल्लोष, मोद, प्रमोद, प्रेम, भाऊबंधपणा, शांती आणि मैत्री. आनंदाचेच सहा शब्द आहेत, त्यात काटेकोर फरक करत बसू नका, पण ‘रिना’त गाण्याचा-ओरडण्याचा आवाज नक्की आहे. ‘रेऊत’ म्हणजे मैत्री हा सहावीतल्या ‘रेईम’चाच भाऊ. या रांगेत खातान-खाला म्हणजे नवरा-नवरी बाकीच्या आनंदांसारखेच घुसवलेत, देवाने बनवलेल्या गोष्टींच्या यादीत. मग मागणं येतं, लवकरच यहूदाच्या गावांत आणि जेरुसलेमच्या रस्त्यांवर ऐकू येवो आनंदाचा आवाज, हर्षाचा आवाज, नवऱ्याचा आवाज, नवरीचा आवाज. हे यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३३ व्या अध्यायातून, जिथे ओसाड पडलेल्या गल्ल्यांबद्दल तो हेच सांगतो. त्यापुढे ‘मेखुपाताम’, त्यांच्या हुप्पेतून नवऱ्यांचा जल्लोष (हा हुप्पा पूर्वी खोली होती, कापड नंतरचं, स्तोत्र १९ मधे सूर्याला हुप्पेतून बाहेर पडणाऱ्या नवऱ्याची उपमा आहे).

आता माझी सगळ्यात आवडती जागा. सहावी संपते ‘मेसामेआख खातान वेखाला’ अशी, नवरा आणि नवरीला आनंदवणारा. सातवी संपते ‘मेसामेआख खातान इम हाकाला’, नवऱ्याला नवरी*सोबत* आनंदवणारा. एका ‘आणि’चा ‘सोबत’ झालाय. राशी म्हणतात, पहिल्यात दोघांना अन्नधान्य, सगळं बरं मिळत राहो हे मागणं आहे, दुसऱ्यात दोघांनी एकमेकांत आनंदी असावं हे. तुम्ही विचारलंत ना जोडप्यासाठी काय मागतात, तर ते असं, अर्ध्या ओळीत.

मुलंबाळं, अखंड सौभाग्य, अष्टपुत्रा वगैरे काही नाही. हे मी एकदा ठाण्याच्या आमच्या शेजारच्या बेने इस्राएल म्हणजे इथल्याच ज्यू काकूंना बोललो, मराठीच बोलणाऱ्या, कोकणातल्या, तर काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, “अरे ते सगळं मेंदीच्या रात्री बायका मागून घेतात, हुप्पेखाली कशाला परत?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाकी सातचं. तालमुद या ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात (केतुबोत ७ब-८अ) द्राक्षारसाची सोडून सहाच दिल्या आहेत, पेला धरून सात होतात. तिथेच आहे की लेवी नावाचा एक गुरू एका लग्नाच्या जेवणात पाचच म्हणाला, दुसऱ्या लग्नात कुणी सहा म्हणाला, वाद असा की माणसाची निर्मिती एकदा धरायची की दोनदा, म्हणजे तिसरी आणि चौथी वेगळ्या की एकच. शेवटी जास्तीच्या बाजूने गेलं. म्हणायला दहा पुरुष लागतात, बायबलातल्या रूथच्या पुस्तकात बोआज दहा वडीलधाऱ्यांना बसवतो त्यावरून. लग्नानंतर सात दिवस जेवणानंतर पुन्हा म्हणतात, पण तिथे द्राक्षारसाची शेवटी जाते, आणि पंगतीला कुणी नवा पाहुणा नसेल किंवा दहा जमले नसतील तर फक्त ती लांबलचक सातवी आणि पेल्याची एवढंच. म्हणूनच सातवी स्वतःच्या ‘बारुख’ने सुरू होते, एकटी उभी राहू शकते, पाचवी-सहावी नाही, त्या मागच्याला धरून चालतात.

सप्तपदीशी गोंधळ बहुतेक वेगळ्याच गोष्टीमुळे झाला असेल, पूर्व युरोपकडच्या ज्यूंत नवरी हुप्पेखाली नवऱ्याभोवती सात फेऱ्या मारते ते फोटोत जास्त दिसतं. ते बराखोतच्या आधी होतं आणि तेव्हा यातलं एकही वाक्य म्हणत नाहीत.