सेनेसन्स, सनातन आणि निबर भेंडी

«‘सेल्युलर सेनेसन्स’ला मराठीत काय म्हणावं? एका लेखात ‘पेशीमृत्यू’ वाचलं, दुसऱ्यात ‘पेशींचं वार्धक्य’.»

‘पेशीमृत्यू’ आधी खोडा. हे इतक्यांदा वाचलंय की आता चीड येते. सेनेसन्समध्ये पेशी मरत नाही. ती विभाजन कायमचं थांबवते आणि चपटी, पसरट होऊन जगत राहते.

खरी मौज मुळात आहे. लॅटिन ‘सेनेक्स’ म्हणजे म्हातारा आणि ऋग्वेदातलं ‘सन’ म्हणजे जुना, ही एकाच मुळाची रूपं. आपला ‘सनातन’ त्याच घरचा, ‘सिनेट’ आणि ‘सिनियर’ही. पुढचा ‘एस्केरे’ हा प्रत्यय ‘होऊ लागणं’ सांगतो. म्हणजे शब्दात क्रिया आहे, ‘वार्धक्य’ ही नुसती स्थिती झाली.

वार्धक्यावर अडून बसणाऱ्या परिभाषाकारांनी एकदा अंगावरचा तीळ पाहावा. बहुतेक साध्या तिळांतल्या रंगपेशींत बीरॅफ या जनुकात बिघाड झालेला असतो आणि तो पेशीला ‘विभाजन कर’ म्हणत राहतो. काही काळ ती ऐकते, मग पी-१६ हे प्रथिन वाढून ब्रेक लागतो. तीळ तेवढाच राहतो, कित्येकदा दशकानुदशकं. २००५ मध्ये तिळांच्या अभ्यासात हेच दिसलं, आणि दर विभाजनागणिक झिजणारी गुणसूत्रांची टोकं इथे झिजल्याची खूण नव्हती. १९६१ मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी पन्नासेक विभाजनांनंतर थांबल्या, ती गोष्ट त्या टोकांच्या झिजेची. तिळातली पेशी विशीतल्या पोराच्या अंगावरही थांबते. तिला म्हातारी कसं म्हणणार?

अशी पेशी ओळखायला निळा रंग वापरतात. बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर एरवी आम्लात, पीएच ४ च्या आसपास, जोमात चालतं; सेनेसंट पेशीत ते इतकं साठतं की पीएच ६ लाही रंग येतो. पण बशी नेहमीच्या कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली की द्रावण आंबट होतं आणि धडधाकट पेशीही निळ्या होतात. दाटीने वाढलेल्या पेशीही फसवतात. म्हणून जोडीला पी-१६ आणि विभाजन थांबल्याची खूण, दोन्ही पाहावं लागतं.

माझा शब्द: निबर. वेलीवरची काकडी किंवा झाडावरची भेंडी निबर झाली की ती वाढत नाही, पण मरतही नाही, आणि तोडली नाही तर झाडाला नवी भेंडी कमी धरते. निबर पेशीही तशीच. तिळाचा कर्करोग होण्यापासून ती अडवते, पण अंगात साठत गेली की दाह वाढवणारी द्रव्यं सोडून शेजारच्या पेशींना बिघडवते. २०११ मध्ये लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांतून पी-१६ वाल्या पेशी काढल्या, तेव्हा त्यांचे स्नायू आणि डोळे जास्त काळ टिकले. ‘वार्धक्य’ या शब्दात ही दुसरी बाजू बसते, पहिली नाही. ‘निबरण’ म्हणा, दोन्ही बसतात.