टेट्राहेड्रनमध्ये समोरासमोरची जागाच नसते

प्रश्न: CCl4 नॉनपोलर आहे, मग CH2Cl2 पोलर कसा? वहीत काढलं तर त्यातही बाण एकमेकांना कटतात. आणि NH3 जास्त पोलर की NF3, हे लक्षात कसं ठेवायचं? (बारावी सायन्स, नाशिक)

बाण कटतात ते वहीत. वही सपाट आहे, रेणू सपाट नाही, आणि तुझी सगळी अडचण तेवढ्यातच आहे.

तू प्रश्नाखाली नाशिक लिहिलंस म्हणून जरा सविस्तर लिहिते. ह्याच चित्रावरून कॉलेज रोडच्या एका क्लासच्या स्टाफरूममध्ये माझं एका ज्येष्ठ सरांशी चांगलंच वाजलं होतं. ते सर CCl4 फळ्यावर अधिकच्या चिन्हासारखा काढायचे. मध्ये C, चार बाजूंना चार Cl. डावा बाण उजव्याने कटला, वरचा खालच्याने कटला, झाला नॉनपोलर. उत्तर बरोबर येतं, मुलांना पटकन कळतं, सर पुढच्या टॉपिकवर जातात.

मग एकदा CH2Cl2 आला. सरांनी सवयीने डावीउजवीकडे Cl काढले, वरखाली H काढले, बाण कटवले आणि फळ्यावर लिहिलं नॉनपोलर. दिंडोरीकडची एक मुलगी वर्गात होती, घरची द्राक्षबाग असलेली. तिने वहीत तोच रेणू दोन्ही Cl शेजारी शेजारी घेऊन काढला आणि तिचे बाण काही केल्या कटेनात. तिने उभं राहून विचारलं, "सर, रेणू एकच आहे, मग मी वेगळा काढला की उत्तर का बदलतं?" ह्याहून चांगला प्रश्न मी अकरावी-बारावीच्या वर्गात ऐकलेला नाही. तिला उत्तर मिळालं, "जास्त शहाणपणा नको, चित्र असंच काढायचं."

ती माझ्याकडे आली तेव्हा द्राक्षांचा हंगाम होता. मी तिला म्हटलं, उद्या येताना हिरवी आणि काळी, दोन्ही द्राक्षं घेऊन ये. मी एक छोटा बटाटा आणि टूथपिक नेल्या. बटाटा म्हणजे कार्बन, हिरवं द्राक्ष हायड्रोजन, काळं क्लोरीन. तीन टूथपिक तिवईच्या पायांसारख्या खाली तिरक्या खोचल्या, चौथी सरळ वर. कुठल्याही दोन काड्यांमधला कोन साधारण 109.5 अंश आला पाहिजे. डोळ्याने अंदाज घेतला तरी चालतं, फक्त चारही काड्या एकमेकींपासून सारख्या लांब हव्यात.

आधी चारही टोकांना काळी द्राक्षं लावली. हा CCl4. क्लोरीनची इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी 3.16, कार्बनची 2.55, म्हणजे प्रत्येक बॉन्ड पोलर आणि प्रत्येक बाण कार्बनकडून बाहेर. आता हिशोब कर. वरचा बाण पूर्ण वर, त्याला एक माप धर. खालचे तीन बाण तिरके आहेत, त्यामुळे प्रत्येकाचा सरळ खाली जाणारा भाग फक्त एक तृतीयांश असतो (70.5 अंशाचा कोसाइन काढून बघ). तीन एक तृतीयांश मिळून एक. वर एक, खाली एक, बेरीज शून्य. त्या तिघांचे आडवे भाग एकमेकांशी 120 अंशांवर असतात, ते आपसात कटतात. म्हणजे CCl4 मध्ये समोरासमोरच्या जोड्या कटतच नाहीत. एका बाणाला उरलेले तिघं मिळून कटवतात. सरांचं उत्तर बरोबर होतं, पण कारण साफ चुकीचं होतं, आणि चुकीचं कारण पुढच्याच रेणूत दगा देतं.

मग दोन काळी द्राक्षं काढून तिथे हिरवी लावली आणि तिला सांगितलं, आता दोन काळी समोरासमोर आण. तिने एक हिरवं आणि एक काळं उपटून अदलाबदल केली. बटाटा थोडा फिरवला आणि थांबली, कारण आधी होतं तेच परत हातात होतं. पुन्हा दुसरी जोडी बदलली, पुन्हा तेच. टेट्राहेड्रनचे चारही कोपरे एकमेकांचे शेजारी असतात, तिथे समोरासमोर अशी जागाच नसते. कुठलेही दोन कोपरे निवड, दोन्ही Cl रेणूच्या एकाच अंगाला येणार आणि दोन्ही H दुसऱ्या अंगाला. H ची इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी 2.20, म्हणजे C–H चा बाण छोटा असला तरी H कडून C कडे, आणि C–Cl चा C कडून Cl कडे. चारही बाणांचा कल एकाच दिशेला, H च्या अंगाकडून Cl च्या अंगाकडे. डायपोल मोमेंट मोजला तर 1.60 डिबाय येतो.

ही काही माझी डोक्यालिटी नाही. 1874 मध्ये, रेणूचा आकार दाखवणारं कुठलंही यंत्र नसताना, व्हान्ट हॉफने कार्बन टेट्राहेड्रल आहे असं मांडलं (फ्रान्समध्ये ले बेलने त्याच वर्षी स्वतंत्रपणे). त्याचा एक युक्तिवाद तू आत्ता वहीत करतोयस तोच होता. कार्बन सपाट चौकोनी असता तर CH2Cl2 सारखे पदार्थ दोन प्रकारचे मिळायला हवे होते, एक Cl शेजारी असलेला आणि एक Cl समोरासमोर असलेला. प्रत्यक्षात डायक्लोरोमिथेन एकच मिळतो, 40 अंशांच्या जरा खालीच उकळणारा. दिंडोरीच्या त्या मुलीने कुणीही न सांगता तोच मुद्दा पकडला होता आणि भर वर्गात तिला गप्प बसवलं गेलं. मला राग त्याचा आहे.

समोरासमोर कटणारे रेणू असतात, नाही असं नाही. CO2 सरळ रेषेत आहे, तो तुला माहीतच आहे. त्याहून चांगलं उदाहरण म्हणजे 1,2-डायक्लोरोइथीन. त्यात डबल बॉन्ड असल्यामुळे रेणू खरोखर सपाट आहे आणि फिरत नाही, म्हणून तिथे वहीतल्या चित्रावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ट्रान्समध्ये दोन Cl विरुद्ध बाजूंना, डायपोल मोमेंट शून्य. सिसमध्ये दोन्ही एका बाजूला, 1.9 डिबाय. अणू तेच, बॉन्ड तेच, फक्त मांडणी वेगळी, आणि सिस 60 अंशांला उकळतो तर ट्रान्स 48 ला. CH2Cl2 चे असे दोन प्रकार नाहीत ह्यावरूनच त्याचं सपाट चित्र खोटं ठरतं.

स्टाफरूममध्ये मी हे सगळं मांडलं तेव्हा सर आधी म्हणाले की बटाटे-द्राक्षं हा लहान मुलांचा खेळ आहे, पोर्शन कधी संपवायचा? मग काही दिवसांनी ते आकडे घेऊन आले. ते आकडे खरे होते आणि तुलाही माहीत असायला हवेत. C–Cl ला 1.46 आणि C–H ला 0.4 डिबाय धरून माझ्या पद्धतीने बेरीज केली तर CH3Cl चं उत्तर 1.86 येतं आणि मोजलेलं 1.87 आहे, झकास जुळतं. पण त्याच बेरजेने CHCl3 चंही 1.86 च येतं, आणि मोजलेलं आहे फक्त 1.04. CH2Cl2 चं 2.15 येतं, मोजलेलं 1.60. "मग तुमचं मॉडेल तरी कुठे बरोबर आहे, मॅडम?"

आक्षेप रास्त आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष नाही. एकाच कार्बनवर दोन-तीन क्लोरीन आले की ते सगळे त्याच कार्बनचे इलेक्ट्रॉन ओढतात. कार्बन आधीच रिता झालेला असतो, त्यामुळे प्रत्येक C–Cl बॉन्डची पोलॅरिटी एकट्या C–Cl पेक्षा कमी होते. कोनही नेमके 109.5 राहत नाहीत. म्हणून प्रत्येक बॉन्डला कायमचा एक आकडा चिकटवून केलेली बेरीज अंदाजाचीच राहणार. पण डायपोल शून्य आहे की नाही हे ठरवायला आकडा लागतच नाही, आकार पुरतो. चारही बॉन्ड सारखे आणि आकार टेट्राहेड्रल, तर शून्य. एक जरी बॉन्ड वेगळा झाला तरी शून्य राहत नाही. सरांचं अधिकचं चिन्ह नेमकं ह्याच प्रश्नात नापास होतं. त्यांनी ते नंतरही फळ्यावर काढणं सोडलं नाही. मी तो क्लास सोडला.

म्हणून तुला एक सांगते. तुझ्या सरांना किंवा मॅडमना CH2Cl2 फळ्यावर काढायला सांग आणि नंतर एक H आणि एक Cl पुसून जागा बदलायला सांग. ते वेज आणि डॅशच्या रेषा काढून दाखवत असतील, किंवा निदान हाताची बोटं तरी तिरकी धरून दाखवत असतील, तर क्लास चांगला आहे. "असंच काढायचं" म्हणाले तर फी कितीही भरलेली असो, केमिस्ट्री दुसरीकडे शिक.

NH3 आणि NF3 राहिलंच. पाठ करू नकोस. N–H आणि N–F दोन्हींत इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीचा फरक जवळपास सारखा आहे, 0.84 आणि 0.94, म्हणजे बॉन्डवरून काही ठरत नाही. आकारही दोघांचा सारखाच, पिरॅमिडसारखा. फरक पडतो बाणांच्या दिशेने. NH3 मध्ये बॉन्डचे बाण H कडून N कडे जातात आणि वरची लोन पेअर त्याच दिशेला भर घालते, म्हणून 1.47 डिबाय. NF3 मध्ये बाण N कडून F कडे खाली जातात आणि लोन पेअर वर ओढते, दोन्ही एकमेकांना खातात, उरतात 0.23. F दिसला की NF3 मोठा असं लिहिणाऱ्या बहुतेक मुलांनी लोन पेअर काढलेलीच नसते, तेव्हा पेपरात आधी लोन पेअर काढ आणि मगच बाण.