टॉर्टचे प्रॉब्लेम सोडवताना: संमती, अंशदायी निष्काळजीपणा आणि नेसेसिटी

मित्र चार पेग घेऊन गाडी चालवायला बसला. वादीला हे दिसत होतं, तरी तो शेजारी बसला. पुढे अपघात झाला. संमती होती म्हणून दावाच फेटाळायचा का?

इतक्यात नाही. संमतीचा बचाव टिकला तर वादीला एक रुपयाही मिळत नाही, म्हणून न्यायालयं तो सहजासहजी मान्य करत नाहीत. स्मिथ विरुद्ध बेकर (1891) या निकालात खडकाला भोकं पाडणाऱ्या मजुराच्या डोक्यावरून क्रेनने दगड नेले जात होते. त्याला ते पक्कं माहीत होतं. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याची संमती धरली नाही. धोका ठाऊक असणं वेगळं आणि त्यातून होणारं नुकसान स्वतः सोसायला राजी असणं वेगळं.

दारूच्या प्रश्नात दोन इंग्लिश निकाल समोरासमोर ठेवा. डॅन विरुद्ध हॅमिल्टन (1939) मध्ये चालक प्यायलेला आहे हे प्रवासी बाईला माहीत होतं, तरी संमतीचा बचाव टिकला नाही. मॉरिस विरुद्ध मरे (1991) मध्ये वैमानिकाने सुमारे 17 पेग व्हिस्कीइतकी दारू घेतली होती. वादीने त्याला विमानतळावर नेलं, इंधन भरायला मदत केली आणि विमानात बसला. तिथे दावा गेला.

तेव्हा प्रश्नातल्या घटनेत हे शोधा: चालकाची अवस्था किती वाईट होती आणि वादीने निव्वळ प्रवास केला की त्या उद्योगात हातभार लावला. चार पेग आणि गप्प बसलेला प्रवासी एवढंच असेल, तर संमती अपुरी पडते असं लिहा आणि मग अंशदायी निष्काळजीपणाकडे वळा. अशा चालकाच्या गाडीत बसून वादीने स्वतःची काळजी घेतली नाही, म्हणून भरपाई काही टक्क्यांनी कमी होईल. वादी स्वतःच इतका प्यायलेला असेल की त्याला काही कळतच नव्हतं, तर संमतीचा मुद्दा आणखी लंगडा होतो. न कळलेल्या धोक्याला संमती कशी देणार?

बाईकवर तिघे, तिघांनाही हेल्मेट नाही. मागून ट्रकने ठोकलं. सर्वांत मागे बसलेल्याचं डोकं फुटलं, पायही मोडला. ट्रिपल सीट आणि हेल्मेट या दोन्हींसाठी टक्के कापू का?

ट्रिपल सीटसाठी आपोआप कापू नका, इथे बरेच विद्यार्थी गुण घालवतात. वाहतुकीचा नियम मोडला म्हणजे अंशदायी निष्काळजीपणा सिद्ध झाला असं होत नाही. मोहम्मद सिद्दीक विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स (2020) मध्ये उच्च न्यायालयाने तिघे बसल्याबद्दल 10 टक्के कापले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. नियमभंगाचा अपघाताशी किंवा इजेच्या तीव्रतेशी कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो, हे त्यामागचं कारण. ट्रक मागून आदळला असेल, तर बाईकवर दोघे असते तरी तो आदळलाच असता. तिघांमुळे बाईक डुगडुगत ट्रकसमोर गेली असं प्रश्नात दिलं असेल, तर गोष्ट बदलते. सुधीरकुमार राणा (2008) या निकालात लायसन्स नसण्याबद्दलही हाच विचार आहे.

हेल्मेटचं गणित मात्र करावं लागतं. इंग्लंडमधल्या फ्रूम विरुद्ध बुचर (1976) या सीटबेल्टच्या निकालाने तीन पायऱ्या दिल्या: बेल्ट असता तर इजाच टळली असती तर 25 टक्के कपात, इजा सौम्य झाली असती तर 15, काहीच फरक पडला नसता तर शून्य. भारतीय न्यायालयांवर हे आकडे बंधनकारक नाहीत, पण विचाराची चौकट म्हणून चालतात.

समजा, डोक्याच्या इजेची भरपाई 6 लाख आणि पायाची 4 लाख. हेल्मेट असतं तर डोक्याची इजा टळली असती असा वैद्यकीय पुरावा आहे. मग 6 लाखांचे 25 टक्के, म्हणजे 1.5 लाख कापा. पायाच्या 4 लाखांना हात लावू नका, कारण हेल्मेटने पाय वाचला नसता. वादीला 8.5 लाख मिळतील. सरसकट 10 लाखांवर 25 टक्के लावले तर 1 लाख चुकीने जातो.

आणि बाईक चालवणाऱ्याची चूक मागे बसलेल्याच्या खाती टाकू नका. ट्रकवाला आणि बाईकवाला दोघेही चुकले असतील, तर मागच्यासाठी तो संयुक्त निष्काळजीपणा होतो आणि तो कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो.

रुग्णाने दुर्बिणीने तपासणी करायला सही दिली. ती बेशुद्ध असताना डॉक्टरांनी आईची सही घेऊन गर्भाशय काढलं. इथे संमती की नेसेसिटी?

दोन्ही मुद्दे घ्या, दोन्ही पडतात. ही घटना समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा (2008) या निकालाशी जवळजवळ जुळते. तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला पुरत नाही. रुग्ण सज्ञान होती आणि काही तासांत शुद्धीवर येणार होती, म्हणून आईची संमतीही चालली नाही. थांबलं असतं तर जिवाला धोका होता का, यावर नेसेसिटी अवलंबून होती. तसा धोका नव्हता. प्रश्नात ‘रक्तस्राव थांबेना’ असं वाक्य असेल, तर उत्तर उलटं होईल. डॉक्टरांचा हेतू चांगला होता, यावर परिच्छेद खर्च करू नका.

अ च्या शेतातली आग ब च्या उसाकडे सरकत होती. क ने स्वतःची द्राक्षबाग वाचवायला ब च्या उसाचा दहा फुटी पट्टा तोडला. वारा फिरला आणि आग आपोआप विझली. पट्टा तोडायची गरजच नव्हती, मग क जबाबदार?

बहुतेक नाही. कोप विरुद्ध शार्प (1912) मध्ये शिकारीच्या हक्कदाराच्या रखवालदाराने मुख्य आगीपुढचा झुडपांचा पट्टा जाळून टाकला. थोड्याच वेळात इतरांनी ती आग विझवली, म्हणजे त्याची खटपट नसती तरी चाललं असतं. तरी तो सुटला. निकष असा: त्या क्षणी खरा धोका समोर होता का, आणि शहाण्या माणसाला ते पाऊल गरजेचं वाटलं असतं का. नंतर काय झालं यावरून ते ठरत नाही.

त्यामुळे क च्या बाजूने तपशील गोळा करा: आग किती अंतरावर होती, वारा कुठून वाहत होता, पाण्याचा पंप हाताशी होता का, दहा फुटांऐवजी पाच पुरले असते का. अर्धा एकर तोडला असता तर प्रमाण सुटलं असतं.

आता प्रश्नात एक ओळ बदला: आग क नेच पाचट पेटवताना हलगर्जीपणाने लावली. मग क चा बचाव जातो. रिग्बी विरुद्ध नॉर्थॅम्प्टनशायरचे पोलीसप्रमुख (1985) या निकालात म्हटलं आहे की, स्वतःच्या निष्काळजीपणाने संकट ओढवून घेणाऱ्याला नेसेसिटीचा आधार मिळत नाही. तिथे बंदुकांच्या दुकानात शिरलेल्या धोकादायक माणसाला बाहेर काढायला पोलिसांनी अश्रुधुराचं नळकांडं फेकलं आणि दुकान पेटलं. नळकांडं फेकण्यापुरती नेसेसिटी मान्य झाली. मात्र आग विझवायची सोय हाताशी न ठेवल्याबद्दल पोलीस निष्काळजीपणासाठी जबाबदार ठरले. म्हणून अतिक्रमण आणि निष्काळजीपणा हे दोन दावे वेगवेगळे तपासा.

भारतीय न्याय संहितेचं कलम 19 (जुन्या दंड संहितेचं 81) इथे उत्तर म्हणून लिहू नका. ते गुन्ह्यातून सोडवतं. ब चा उसाच्या नुकसानीचा दावा दिवाणी आहे.